बारा हजारांचे आठ हजार

सिद्धेश्वरला धरण आहे, कालवा आहे आणि एक अपुरी पीएच.डी. आहे. धरण आणि कालवा सरकारी, पीएच.डी. माझी. तिन्हींबद्दल गावाचा प्रश्न मात्र एकच असतो: "सुटणार कधी?"

विषय मी घरचाच घेतला. पूर्णा नदीवर वरच्या अंगाला येलदरी, खाली आमचं सिद्धेश्वर. येलदरीतून सुटलेलं पाणी आमच्याकडे येतं आणि इथून कालव्याने परभणी, हिंगोली, नांदेड अशा तीन जिल्ह्यांत जातं. म्हणजे जायला हवं. कालव्याच्या मुखाशी ज्याचं रान आहे तो उसात उभा असतो आणि शेपटाला ज्याचं रान आहे तो चारीत उभा राहून पाण्याची वाट बघत असतो. हे असं का होतं, ते माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात आहे. ते प्रकरण मी मोठ्या उमेदीने मार्गदर्शक सरांना पाठवलं. काही दिवसांनी त्यांचा फोन आला.

"चौथं प्रकरण वाचलं. जड आहे."

"धन्यवाद सर."

"वजनाने म्हणतोय. बारा हजार शब्द आहेत. आठ करा."

"आठ प्रकरणं?"

"आठ हजार शब्द. अख्खा प्रबंध ऐंशी हजारांत बसवायचाय. तुमचं एकटं चौथं एवढं फुगलं तर बाकीच्यांनी जायचं कुठे? आणि हे बघा, युक्तिवादाला धक्का लागता कामा नये."

म्हणजे एक तृतीयांश माणूस कापायचा, पण तो चालता-बोलता राहिला पाहिजे.

सरांनी हा ऐंशी हजारांचा आकडा हवेतून काढलेला नाही. विलायतेतल्या कितीतरी विद्यापीठांत पीएच.डी.ची मर्यादा तेवढीच असते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाने तर २००८ साली एक स्पर्धाच सुरू केली. ऐंशी हजार शब्दांचा प्रबंध वाचून दाखवायला नऊ तास लागतील, तोच विद्यार्थ्याने तीन मिनिटांत सांगायचा. मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तीन मिनिटांत? तुम्हाला तर चहा नको म्हणायलाच पाच मिनिटं लागतात."

आमच्या भागात प्रबंध वाचत नाहीत, मनगटावर तोलतात. कुणी डॉक्टर झाला की लोक त्याच्या घरी जातात, सोनेरी अक्षरांचा तो काळा ग्रंथ दोन्ही हातांनी उचलतात, "बाप रे!" म्हणतात आणि खाली ठेवतात. परीक्षा संपली. अशा मुलखात एक तृतीयांश प्रकरण काढून टाकणं म्हणजे लग्नाच्या पंगतीतून जिलेबी उचलून नेणं. आईला कळलं तेव्हा ती हळहळली. "इतकी वर्षं जागून लिहिलं, ते पुसायचं? कुणी चोरून नेलं असतं तर वाईट वाटलं नसतं."

तेव्हा न कापता कापण्याचे मार्ग मी आधी शोधले. आपल्याकडे कुठल्याही मर्यादेवर पहिला उपाय हाच असतो. पुतण्या बंटी संगणकाचा कोर्स करतो. त्याने मला पहिल्याच बैठकीत एक दिव्य ज्ञान दिलं.

"काका, संगणकाला अर्थ कळत नाही. दोन मोकळ्या जागांच्या मधे जे येतं ते एक शब्द. मधे आडवी रेघ टाकून जोडलं की झालं."

मग काय विचारता! 'कालवा-सल्लागार-समितीच्या-बैठकीतील-निर्णयानुसार' हा एक शब्द झाला. 'रब्बी-हंगामातील-पहिल्या-आवर्तनाच्या-वेळी' हा दुसरा. दुपारपर्यंत माझी मराठी मालगाडीसारखी दिसू लागली, पण शब्द भराभर उतरत होते. त्यानंतर बंटीने तक्ते चित्र म्हणून चिकटवले. चित्रातले शब्द मोजले जात नाहीत. उरलेला मजकूर तळटिपांत ढकलला. काही पानांवर वर दोन ओळी आणि खाली तळटिपांचं तळं. मोजणीच्या खिडकीत Include textboxes, footnotes and endnotes अशी एक चौकट असते. तिच्यातली बरोबरची खूण त्याने अलगद काढली. आकडा आठ हजारांच्या खाली आला. आम्ही चहा प्यायलो.

सरांचा फोन संध्याकाळी आला. "ती चौकट आमच्याकडेही आहे," एवढंच ते म्हणाले.

"मग सर, परिशिष्टात टाकू का? परिशिष्ट मोजत नाहीत ना?"

"नाही मोजत. पण परिशिष्ट वाचलंच पाहिजे असं परीक्षकावर बंधनही नाही. ज्याच्यावाचून मुद्दा कळत नाही ते तिथे ठेवता येत नाही, आणि ज्याच्यावाचून कळतो ते तिथे तरी कशाला ठेवायचं? मुलाखतींची प्रश्नावली ठेवा, गावांचे पूर्ण तक्ते ठेवा. तुमची मतं तिथे राहायला पाठवू नका."

तेव्हा खरोखरच कापायला बसलो. लाल पेन घेतलं आणि वाक्यांपासून सुरुवात केली, कारण वाक्यं कापायला धैर्य लागत नाही. स्वतःचं लेखन वाचताना माझ्या लक्षात आलं की मी घरात मराठी बोलतो, पण प्रबंधात कुणीतरी दुसराच बोलतो. उदाहरणार्थ: "या ठिकाणी हे प्रामुख्याने नमूद करणे क्रमप्राप्त ठरते की, सदर आवर्तनाच्या कालावधीमध्ये पाण्याचा विसर्ग करण्यात आलेला होता." सतरा शब्द. म्हणायचं काय होतं? "या आवर्तनात पाणी सोडले." चार शब्द. तेरा शब्द केवळ कोट-टोपी घालून उभे होते.

मला चेव आला. 'सदर' गेले, 'सदरहू' गेले, 'अनुषंगाने' गेले, 'करण्यात येऊन' गेले. 'महत्त्वपूर्ण अशी भूमिका बजावताना दिसून येते' या शेपटीला मी अख्ख्या प्रकरणातून हद्दपार केलं. बायको शेजारी बसून छाटलेली पानं वाचत होती. ती मधेच थांबली.

"अहो, इथे 'बहुतेक' होतं ना? 'शेपटाकडच्या बहुतेक शेतकऱ्यांना दुसरी पाळी मिळत नाही.' आता नुसतं 'शेतकऱ्यांना मिळत नाही' राहिलंय."

"एक शब्द वाचला."

"आणि माझ्या भावाचं काय? त्याचं रान शेपटालाच आहे. मागच्या वर्षी त्याला दुसरी पाळी मिळाली. तुम्हीच तर त्याच्याकडून हरभऱ्याचं पोतं आणलंत."

पुरावा घरातच, कोठीत होता. 'बहुतेक', 'काही गावांत', 'पाऊस बरा झालेल्या वर्षी' हे शब्द दिसायला भरतीचे; परंतु वाक्य खरं की खोटं ते त्यांच्यावर ठरतं. 'क्रमप्राप्त' काढलं तर कुणाचं काही बिघडत नाही. 'बहुतेक' काढलं तर मेव्हणा तोंडी परीक्षेला येऊन बसेल. मी ते सगळे परत आणले. आणि एवढा मोठा वाक्यसंहार करून शब्द किती गेले? नऊशे. चार हजारांची मोहीम, आणि नऊशेवर दम लागला. त्या दिवशी मला एक गणित कळलं, जे पुढे मी दर भेटणाऱ्याला ऐकवत सुटलो. वाक्यं छाटून फार तर दहावा हिस्सा जातो. तिसरा हिस्सा घालवायचा तर अख्खे परिच्छेद उठले पाहिजेत.

पण उठवायचे कोणते? माझ्या मते सगळेच अत्यावश्यक होते. सरांनी तोडगा सांगितला. "प्रत्येक परिच्छेदासमोर समासात एक वाक्य लिहा. हा काय सांगतो, आणि कशासाठी सांगतो. पहिलं सोपं आहे. दुसरं लिहिताना पेन अडलं की तिथे खूण करा. आणि त्याच्या आधी, सगळ्या प्रकरणाचं म्हणणं एका वाक्यात लिहून भिंतीवर लावा."

भिंतीवर मी लिहिलं: "वापरण्याजोगं पाणी पुरेसं असलेल्या वर्षीही शेपटाला ते कमी पोहोचतं, कारण वाटपाचा क्रम मुखापासून सुरू होतो." आईने विचारलं, "हे बारा हजारांत लिहिलं होतंस?" मी ऐकलं नाही असं दाखवलं.

साठ परिच्छेद होते. पानं कापून ते बैठकीत जमिनीवर ओळीने मांडले. घरातली वाहतूक बंद झाली. आई देवघरात अडकली, बंटी उंबऱ्यावर. मी गुडघ्यांवर रांगत समासात लिहीत चाललो.

पहिला परिच्छेद. काय सांगतो? साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हा पसरला. कशासाठी सांगतो? इथे पेन जे अडलं ते अडलंच.

"का हो," बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "पाण्याची पाळी लाव्ह्यापासून चुकत आलीय का?"

लाव्हा थंड होऊन काळी माती झाली होती, दुसऱ्या परिच्छेदात. तिसऱ्यात पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावत होती. पुढे औंढ्याचं ज्योतिर्लिंग, नर्सीचे नामदेव, निजामाची राजवट, १७ सप्टेंबर १९४८, १ मे १९६० आणि शेवटी १ मे १९९९, म्हणजे परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो दिवस. कालव्याचं दार प्रकरणात प्रथम उघडत होतं ते पान पाचवर. तोवर परीक्षक विश्वाच्या उत्पत्तीपासून चालत चालत आलेला आणि घामाघूम. मराठी माणसाला कुठलीही गोष्ट मधूनच सुरू करणं असभ्य वाटतं. रस्त्यात कुणी पत्ता विचारला तर आपण आधी त्या घरात पूर्वी कोण राहत होतं ते सांगतो. तरीही लाव्हा उचलताना हात थरथरला. जिल्ह्याच्या वाचनालयातून ती माहिती मी किती कष्टाने मिळवली होती! अकराशे शब्द गेले. त्यांच्या जागी एक ओळ राहिली: धरण कुठल्या नदीवर, कुठल्या तालुक्यात आणि पाणी कुठून येतं. परीक्षकाला नकाशावर बोट ठेवायला तेवढी पुरते.

पुढचा परिच्छेद त्याहून विलक्षण निघाला. १८७९ चा मुंबई पाटबंधारे कायदा मी चारशे शब्दांत कलमवार मांडला होता. अतिशय सुंदर परिच्छेद. समासात 'कशासाठी' लिहायला गेलो आणि आठवलं की १८७९ साली आमचा मराठवाडा मुंबई इलाख्यात नव्हताच. तो निजामाकडे होता. आमच्या कालव्याला त्या कायद्याचा हात लावायचा तर आधी सरहद्द ओलांडावी लागली असती. तो काढताना काही वाटलं नाही. उलट परीक्षकाच्या आधी आपल्याला कळलं याचा आनंदच झाला. १९७६ चा महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम आणि पाणी वापर संस्थांना कायद्याचा पाया देणारा २००५ चा कायदा एवढे ठेवले, कारण आज शेतकरी नमुना नंबर सातचा पाणी अर्ज भरतो आणि संस्था पाळी लावते, ते आताच्या कायद्यांच्या आधाराने.

त्यानंतर 'पूर्वसूरींचा आढावा'. अमुक यांनी अमुक साली असे म्हटले आहे. तमुक यांनी तमुक साली तसे म्हटले आहे. तर ढमुक यांच्या मते दोघांचेही बरोबर आहे. एकेकाला एकेक परिच्छेद दिला होता. लग्नपत्रिकेतल्या 'आपले विनम्र'सारखी यादी. एकाचं नाव गाळलं तर तो रुसेल, शिवाय परीक्षक त्यांच्यापैकीच कुणी निघाला तर? सरांनी विचारलं, "या सगळ्यांत भांडण कशावरून आहे?" मी बघितलं. भांडण एकच होतं. एक गट म्हणत होता, पाणीच कमी आहे. दुसरा म्हणत होता, पाणी आहे पण वाटप चुकतं. मग दोनच परिच्छेद केले, एकेका गटाचा एक. नावं सगळी राहिली, फक्त रांगेऐवजी बाकावर बसली. माझं म्हणणं कोणाच्या बाजूने आणि कुठे वेगळं, हेही तिथेच दोन ओळींत आलं. सातशे शब्द वाचले. आणि कुणी रुसलं नाही, कारण नाव छापून आल्यावर आपल्याबद्दल काय म्हटलंय हे विद्वान सहसा बघत नाहीत.

एका तक्त्याखाली तर मी तोच तक्ता पुन्हा शब्दांत लिहिला होता. "तक्ता क्रमांक ४.३ वरून असे दिसून येते की मुखाकडील गावांना इतक्या पाळ्या, मधल्या गावांना इतक्या, शेपटाकडील गावांना इतक्या मिळाल्या." परीक्षकाला आकडे वाचता येत नाहीत, असं माझं मत त्याच्या तोंडावर लिहिल्यासारखं होतं. तक्ता राहिला. त्याच्याखाली फक्त जे तक्त्यात दिसत नाही ते ठेवलं. ज्या वर्षी आवर्तन शेपटाकडून सुरू झालं, त्या एकाच वर्षी ही उतरंड मोडली. चारशे शब्द गेले.

पुढे मुलाखती आल्या. इथे खरी परीक्षा होती, कारण पाहणी कोरडी असते. मुलाखतीत माणसं बोलतात आणि माणसं बोलू लागली की मला थांबवत नाही. शेपटाकडच्या सहा शेतकऱ्यांचं म्हणणं मी त्यांच्याच शब्दांत पानोपान दिलं होतं. पाच जण एकच गोष्ट पाच तऱ्हेने सांगत होते. वरचे आधी घेतात, रात्री दारं उचलतात, आमच्यापर्यंत येतं तेव्हा चारीत नुसता ओलावा असतो. सहावा मात्र वेगळंच बोलत होता. तो म्हणाला होता, "तुम्ही शेपटाकडून सोडा नाही तर मुखाकडून, चारीच फुटकी आहे तर पाणी वाटेतच मुरणार. क्रम बदलून काय होतंय?"

मी मोठ्या मोकळ्या मनाने ठरवलं की पाचांपैकी जे छान बोलतात ते ठेवायचे आणि सहाव्याला वगळायचं. तो माझ्या भिंतीवरच्या वाक्याशी जुळतच नव्हता. शब्दही वाचतील आणि भांडणही. सरांना हा बेत सांगितला तेव्हा फोनवर थोडा वेळ शांतता पसरली.

"पाच जणांनी तुम्हाला पाच वेळा होकार दिला," सर म्हणाले. "तो एकदाच ऐकवला तरी चालतो. ज्याने नाही म्हटलं त्याला ऐकवलं नाही तर तुमचं म्हणणं उरतं कुठे? परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारणार. पाचांतला एक पूर्ण ठेवा, बाकीचे चार 'इतर चौघांनीही हेच सांगितले' या ओळीत. सहावा पूर्ण ठेवा. आणि त्याला उत्तर द्या."

उत्तर होतंच माझ्याकडे. मी ते आदरापोटी लिहिलं नव्हतं. चारी त्या वर्षीही फुटकीच होती, ज्या वर्षी आवर्तन शेपटाकडून सुरू झालं. पाणी तेव्हाही मुरलं, तरीही शेपटाला आधीच्या वर्षांपेक्षा जास्त पोहोचलं. म्हणजे फुटकी चारी हे एक कारण आहे, पण एवढंच कारण नाही. सहाव्याला उत्तर दिल्यावर प्रकरण एकदम ताठ उभं राहिलं. एवढे दिवस ते माझ्याशी सहमत असलेल्या लोकांच्या खांद्यावर हात टाकून लंगडत होतं. इथेही पाचशे शब्द वाचले.

बेरीज केली. वाक्यांचे नऊशे, लाव्ह्याचे अकराशे, मुंबई इलाख्याचे चारशे, पूर्वसूरींचे सातशे, तक्त्याचे चारशे, मुलाखतींचे पाचशे. चार हजार! मी घरभर नाचलो; अर्थात परिच्छेद चुकवत. काढलेलं सगळं मी 'काढलेले पण महत्त्वाचे' नावाच्या फाइलीत सांभाळून ठेवलं होतं. ती फाइल मी रोज उघडत असे, लाव्हा बरा आहे ना बघायला.

विजयाच्या भरात मी आणखी एक परिच्छेद उडवला. सरांना दिलेल्या शब्दाहून चार पैसे कमी भरावेत, असा हेतू. त्यात धरणाचा साठा दिला होता. एकूण सुमारे २५१ दशलक्ष घनमीटर, पैकी उपयुक्त साठा सुमारे ८१, उरलेला मृतसाठा. हे नुसतं वर्णन आहे, असं मी समासात लिहिलं आणि उडवलं. उन्हाळी दुपार होती, ओट्यावर तात्या येऊन बसले होते. तात्या म्हणजे खात्यातून निवृत्त झालेले पाटकरी. कालव्याची दारं उघडण्या-लावण्यात उभा जन्म गेलेला. सरांनी सांगितलं होतं, कापून झालं की प्रकरण अशा माणसाला ऐकवा, ज्याने आधीचं वाचलेलं नाही, आणि त्यालाच विचारा, यात काय म्हटलंय. त्याचं उत्तर आणि भिंतीवरचं वाक्य जुळलं तर युक्तिवाद जिवंत आहे. मी वाचायला लागलो. दुसऱ्याच पानावर तात्यांनी हात वर केला.

"थांबा मास्तर. धरणात पाणी व्हतं म्हणायलात. कालव्याच्या तोंडाखालचं धरलं का वरचं?"

"म्हणजे?"

"म्हंजी काय? आपल्या धरणात दोन हिस्से पाणी कालव्याच्या तोंडाच्या खाली ऱ्हातंय. ते दिसतंय, पर कालव्यात येत न्हाई. तुम्ही समदं धरून पाणी व्हतं म्हणलात तर लोक हसतील."

मी मुकाट्याने उडवलेला परिच्छेद काढून वाचला. तात्यांनी मान हलवली. "आता बराबर. हे पाहिजेच. आणि मास्तर, त्याला मृतसाठा म्हणत असले तरी त्यो मेलेला न्हाई. खालचं पाणी हाय म्हणून वरचं पाणी कालव्याच्या तोंडापर्यंत चढतंय. त्यो काढला तर कालवा कोरडा."

त्यांना पाण्याबद्दल बोलायचं होतं. मला ऐकू आलं ते प्रकरणाबद्दल. माझ्या प्रकरणातही दोन तऱ्हेचं पाणी होतं. कायद्याचा परिच्छेद उचलला तरी पुढचं एकही 'म्हणून' हललं नाही. साठ्याचा उचलला आणि पुढचं 'पाणी पुरेसं होतं, म्हणून' अधांतरी लोंबायला लागलं. मग मी सगळ्या काढलेल्या जागांशी जाऊन पुढचं 'म्हणून', 'तरीही' आणि 'परंतु' पायाला जमीन टेकवून उभे आहेत का ते तपासलं. दोन ठिकाणी एकेक ओळ परत घालावी लागली. एके ठिकाणी तर 'त्यामुळे' असं लिहिलेलं होतं आणि ज्याच्यामुळे ते, तो परिच्छेद लाव्ह्याच्या फाइलीत झोपलेला होता. या भरपाईसाठी मेव्हण्याच्या गावाचं एक सुंदर वर्णन बळी द्यावं लागलं. बायकोने ते मोठ्या मनाने दिलं. तिला ते कधी आवडलंच नव्हतं.

अखेर आकडा आठ हजारांच्या आत स्थिरावला. चौकटीतली खूण लावून. तात्यांना शेवटपर्यंत ऐकवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मधे घोरले, पण तेवढं माझे विद्यार्थीही घोरतात. संपल्यावर मी विचारलं, "तात्या, काय म्हटलंय यात?"

तात्यांनी पानाला चुना लावला. "काय म्हणणार? पाणी पुरंल एवढं व्हतं, पर पाळी मुखाकडून लावली. शेपटाकडून लावली आस्ती तर पोचलं आस्तं. चारी फुटकी हाय, त्येनं कमी पोचलं आस्तं, पर पोचलं आस्तं."

मी भिंतीकडे पाहिलं. जुळलं होतं. उलट सहाव्या शेतकऱ्याचीही दखल त्यांनी घेतली होती, जी माझ्या भिंतीवर नव्हती.

"पर मास्तर," तात्यांनी पान तोंडात टाकलं, "येवढीच गोष्ट हाय तर आठ हजार शब्द कशाला?"

"हे खरं आहे, ते पटवायला."

"व्हय, ते लागतंय. आन् ते चार हजार काढलेत म्हणं, ते कशाला व्हते?"

मी जरा विचार केला. लाव्हा आठवला, ज्योतिर्लिंग आठवलं, १८७९ आठवलं.

"ते मला किती माहीत आहे, ते दाखवायला."

तात्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं.

"मंग चार हजारांत कसं भागवलंत, मास्तर?"